रांग वाढत असताना नोंदणीच्या टेबलावर स्वागत करायचं तरी कसं?

पायरीवरची

पुढच्या महिन्यात आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा आहे. नोंदणी साधारण ३०० जणांची, आणि दाराशी स्वागत करायला पुन्हा मीच.

गेल्या वर्षी मी नोंदणीच्या टेबलावर बसले होते. येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून हसत होते, "प्रवास नीट झाला ना?" विचारत होते, ओळखीचं कुणी दिसलं की घरच्यांची खुशाली घेत होते. मला वाटत होतं, किती छान चाललंय. सव्वानऊला मान वर केली तर रांग दाराबाहेर जाऊन जिन्यावर वळली होती. मग एक कार्यकर्ते मागून आले आणि कानाशी म्हणाले, "गप्पा नंतर मारा." चारचौघांत ऐकू गेलं ते. खूप लागलं.

तर प्रश्न असा, की रांग वाढत असताना माणसांशी माणसासारखं वागायचं की मान खाली घालून नावांवर खुणा करत जायचं? आणि दुसरं म्हणजे, रांगेत जाऊन "काही मदत हवी का?" विचारलं की सगळे "नाही नाही, ठीक आहे" म्हणतात. त्यातलेच चारजण टेबलाशी पोचल्यावर पाच-पाच मिनिटं अडवून धरतात. हे कसं हाताळता?

मूकवाचक

वाचतोय. आमच्याकडेही हाच घोळ आहे.

तिरकी_टोपी

"ओळखलंत का?" असं टेबलाशी येऊन विचारणाऱ्यांसाठी वेगळी रांग ठेवा. ती आपोआप सगळ्यात लांब होईल आणि बाकीचे सुटतील.

नंदाआत्या

@तिरकी_टोपी, हसले, पण खरं आहे. "ओळखलंत का"ला "नाही" म्हणायची सोय नसते आणि "हो" म्हटलं की "मग सांगा नाव!"

पायरीवरची, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं हसणं चुकलं नाही, जागा चुकली. टेबलावरचा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मागचे पन्नास जण ते बोलणं संपायची वाट बघत असतात. तेच बोलणं रांगेत उभ्या माणसाशी केलं तर कुणाचाच वेळ जात नाही, कारण तो तसाही उभाच आहे. मी इतकी वर्षं हेच करतेय. खुर्चीवर बसतच नाही.

गणिताचा_तास

नंदाआत्यांशी सहमत. पण थोडे आकडे मिळाले तर नेमकं बोलता येईल. टेबलं किती होती? साधारण किती वेळात किती माणसं आली? सरळ सुटणाऱ्या माणसाला किती वेळ लागला आणि अडलेल्याला किती?

चुकलेला_रस्ता

आमच्या मंडळाच्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये जन्मतारखेचा रकाना उघडतच नाही. कुणाला आलाय का हा अनुभव? मोबाइलवरून भरतोय.

पायरीवरची

@गणिताचा_तास, टेबलं तीन. ९ ते साडेनऊ या अर्ध्या तासात २०० तरी जण आले असतील, बाकीचे नंतर तुरळक. कार्यक्रम पावणेदहाला. नाव सापडलं की बिल्ला आणि पिशवी द्यायला अर्धं मिनिट. नाव सापडलं नाही, किंवा "मी दोघांची नोंदणी केली होती, एकच कशी दिसते" असं निघालं, की चार मिनिटं सहज. दहातला एक तरी असा होता.

@चुकलेला_रस्ता, तो वेगळा विषय आहे हो. त्यासाठी नवीन धागा काढा.

खुर्चीवाला

यावर उपाय सोपा आहे. आडनावाप्रमाणे टेबलं करा. अ ते झ, ट ते म, य ते ज्ञ. आम्ही नेहमी करतो.

उंबरठा

@खुर्चीवाला, तुमच्या यादीत क्षीरसागर कुठे असतात?

आमच्याकडे एका वर्षी तेच झालं. बाराखडीच्या तक्त्यात क्ष आणि ज्ञ शेवटी, म्हणून क्षीरसागर काका बिचारे तिसऱ्या टेबलाशी उभे राहिले. यादी लावली होती संगणकाने. त्याच्या लेखी क्ष म्हणजे क ला जोडलेला ष, म्हणून नाव पहिल्या टेबलावर, क च्या घरात. दहा मिनिटं रांगेत काढून त्यांना पुन्हा पहिल्या रांगेच्या शेपटाला पाठवलं. दुसऱ्या वर्षी यादी इंग्रजी अक्षरांत केली, तर वाघ मंडळींतले अर्धे व्हीमध्ये आणि अर्धे डब्ल्यूमध्ये. शिवाय लग्नाआधीचं आडनाव, नंतरचं आडनाव, आणि नोंदणी भलत्याच्याच नावावर. आडनावं सगळ्या अक्षरांत सारखी वाटलेली नसतात हे तर वेगळंच. एका टेबलाशी झुंबड आणि शेजारचा माशा मारतोय.

खुर्चीवाला

अपवाद सगळीकडे असतात. म्हणून पद्धत वाईट होत नाही.

गणिताचा_तास

तीन टेबलांना मिळून एकच रांग ठेवली तर हा प्रश्नच येत नाही. बँकेत टोकन असतं तसं. जे टेबल मोकळं होईल तिथे पुढचा माणूस. फक्त रांगेच्या तोंडाशी एकजण उभा हवा, "तिसऱ्या टेबलावर या" असं म्हणायला. नाहीतर टेबल रिकामं होतं आणि पहिल्या माणसाचं लक्ष फोनमध्ये असतं.

आता पायरीवरचींचा हिशेब. २०० माणसं, त्यातली १८० सरळ सुटणारी, २० अडलेली. सरळ सुटणाऱ्यांचं काम १८० वेळा अर्धं मिनिट, म्हणजे ९० मिनिटं. अडलेल्यांचं २० वेळा चार, म्हणजे ८० मिनिटं. बघा, दहातला एक माणूस जवळजवळ उरलेल्या नऊ जणांइतकं काम काढतो. एकूण १७० मिनिटांचं काम तिघांत वाटलं तर ५७ मिनिटं. म्हणजे साडेनऊला आलेला माणूस ९:५७ला आत जाणार आणि पावणेदहाचा कार्यक्रम त्याच्याविना सुरू होणार. हे झालं एकही गप्पा न मारता. आता प्रत्येकाला वीस सेकंदांची खुशाली जोडा. २०० गुणिले २० सेकंद म्हणजे ६७ मिनिटं जास्तीची, तिघांत वाटून आणखी २२. शेवटचा माणूस सव्वादहाच्याही पुढे गेला.

मूकवाचक

हे वाचून घाम फुटला.

खुर्चीवाला

मग अडलेल्यांचं टेबल वेगळं करा. हे तर सगळे करतात. दोन टेबलं सरळ, एक अडचणींचं. रांग संपली.

गणिताचा_तास

@खुर्चीवाला, निम्मं बरोबर आहे. सरळवाल्यांची ९० मिनिटं दोघांत ४५, म्हणजे ते पावणेदहापर्यंत आत. छानच. पण तिसऱ्या टेबलावर ८० मिनिटांचं काम एकट्यावर. पावणेदहाला बाकीचे दोघे त्याच्या मदतीला गेले तरी सगळं आटपायला पुन्हा ९:५७च होतात. काम तेवढंच राहिलं, ताटकळणं फक्त वीस जणांच्या माथी गेलं. आणि हे वीस जण आधीच वैतागलेले असतात, कारण त्यांचं नाव सापडत नाहीये.

रांग खरंच कमी करायची तर काम कमी करावं लागतं. ते एकतर टेबलापर्यंत येण्याआधी व्हायला हवं, नाहीतर कार्यक्रम सुरू झाल्यावर. टेबलाशी नाही.

नंदाआत्या

हेच मी हिशेब न मांडता करते! आता आकड्यांत वाचल्यावर मलाच भारी वाटायला लागलंय.

आमच्याकडे ज्यांचं नाव सापडत नाही त्यांना कोरा बिल्ला देतात. मार्करने नाव लिहायचं, चिठ्ठीवर नाव, फोन आणि काय अडलंय ते एका ओळीत, चिठ्ठी डब्यात, माणूस आत. मधल्या सुट्टीत डबा उघडून निस्तरायचं. त्या माणसालाही बरं वाटतं, चोरासारखं टेबलाशी उभं राहावं लागत नाही.

उंबरठा

आणि ज्याने नोंदणीच केली नाही तोही कोऱ्या बिल्ल्यावर आत गेला तर?

नंदाआत्या

जाईल की. एखादा जाईल. त्याच्यासाठी बाकीच्या एकोणीस जणांना उभं करायचं का, ते तुमच्या समितीने ठरवावं. जागा मोजकीच असेल किंवा लहान मुलांचा कार्यक्रम असेल तर मी हे करणार नाही. तिथे कोण आत गेलं हे माहीत असायलाच हवं.

उंबरठा

आमची समिती हे कधीच ऐकणार नाही. पण मुद्दा कळला.

गणिताचा_तास

चिठ्ठीने अडलेल्याचं काम चार मिनिटांवरून एकावर आलं असं धरा. ९० अधिक २०, म्हणजे ११० मिनिटं. तिघांत ३७. आता साडेनऊला आलेल्याला सात मिनिटं. आणि रांगेत फिरणाऱ्या माणसाने सगळ्यांचं नोंदणीचं पान फोनवर उघडून घेतलं, सरळवाल्यांचं अर्धं मिनिट वीस सेकंदांवर आलं, तर ६० अधिक २०, म्हणजे ८० मिनिटं. तिघांत २७. म्हणजे आलेली माणसं आल्याआल्या आत. अर्थात माणसं मोजून मापून येत नाहीत, एक गाडी थांबली की पंधराजण एकदम उतरतात, त्यामुळे मधेमधे रांग लागणारच. पण ती जिन्यापर्यंत जाणार नाही.

पायरीवरची

बाप रे. म्हणजे माझी जागा टेबलावर नाही, रांगेत. मग उभं कुठे राहायचं? आणि बोलायचं काय? "काही मदत हवी का"चा अनुभव लिहिलाच आहे.

नंदाआत्या

"काही मदत हवी का" विचारूच नका. दुकानात शिरल्या शिरल्या कुणी असं विचारलं तर तुम्ही काय म्हणता? "नुसतं बघतेय." माणसाला आपल्याला मदत हवी आहे हे टेबलाशी पोचेपर्यंत माहीतच नसतं. त्याच्या मते त्याने नोंदणी केलेली असते.

मी नेमका प्रश्न विचारते. "नमस्कार, या. नोंदणी कुणाच्या नावावर केलीय?" बस. "माझ्याच" म्हणाले की "फोनवर तो संदेश उघडून ठेवाल का?" "मुलाने केली होती बहुतेक" म्हणाले की मला कळलं, हे अडणार. मग तिथेच बाजूला घेऊन माझ्याकडच्या यादीत शोधते. नाही सापडलं तर चिठ्ठी तिथेच भरून हातात देते. टेबलापर्यंत पोचतात तेव्हा नुसता बिल्ला घ्यायचा उरतो.

फिरताना शेपटाकडून तोंडाकडे फिरू नका, उलट फिरा. तोंडाकडून मागे. पुढचे चार-पाच सोडून द्या, ते आता पोचतीलच. सहाव्या-सातव्यापासून सुरू करून शेवटपर्यंत जा. मागून पुढे आलात तर लोकांना वाटतं तुम्ही कुणाला तरी पुढे न्यायला आलात, आणि दोघे तुमच्या मागून चालायला लागतात. आणि एकेकापाशी थांबा, रांगेला उद्देशून ओरडू नका. "सगळ्यांनी फोन काढून ठेवा" असं ओरडलं तर पहिले तीन ऐकतात.

तिरकी_टोपी

आणि त्यातले दोघे फोन काढून रांगेचा फोटो काढतात.

उंबरठा

यादीत शोधायची एक सोपी युक्ती: आडनाव विचारूच नका, फोनचे शेवटचे चार आकडे विचारा. स्पेलिंग नको, काना-मात्रा नको, क्ष नको.

खुर्चीवाला

चार आकडे दोघांचे सारखे निघाले म्हणजे?

गणिताचा_तास

३०० जणांत अशा चार-पाच जोड्या निघू शकतात. तेव्हा नाव विचारायचं. उरलेल्या २९० जणांचा तर प्रश्न सुटला. मात्र पूर्ण नंबर मोठ्याने बोलायला लावू नका, आणि यादीचा कागद रांगेकडे तोंड करून ठेवू नका. मागचा माणूस सगळ्यांचे नंबर वाचत उभा असतो.

खुर्चीवाला

आणि ज्याने मुलाच्या फोनवरून नोंदणी केली?

नंदाआत्या

म्हणूनच माझा पहिला प्रश्न "कुणाच्या नावावर". त्यांच्याच फोनचे आकडे मागा.

मूकवाचक

पहिल्यांदाच सविस्तर लिहितोय. माझ्या वडिलांचा गुडघा दुखतो. एका कार्यक्रमात ते रांगेत उभे होते. एक स्वयंसेविका आली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाली, "आजोबा, तुम्ही पुढे चला, तुम्हाला उभं राहवत नाहीये." ते गेलेच नाहीत. उलट आणखी ताठ उभे राहिले, आणि घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

पुढच्या वेळी दुसऱ्या ठिकाणी एका मुलाने चार खुर्च्या रांगेला लागून ठेवल्या होत्या. तो हळूच म्हणाला, "काका, इथे बसा. तुमच्या पुढे या निळ्या शर्टवाल्या दादा आहेत, ते टेबलाशी गेले की मी हाक मारतो." बसले की लगेच! पुढे काढलं तर त्यांना उपकार वाटतो. जागा राखून बसवलं तर नाही वाटत. स्वागताचं म्हणाल तर मला तो मुलगाच आठवतो. बिल्ला कुणी दिला ते आठवतही नाही.

नंदाआत्या

@मूकवाचक, हे मी उचलणार. आजवर मीही पुढेच काढत आले आहे. आणि मागे कुणीतरी "आम्हीही म्हातारेच आहोत" असं म्हणतंच.

तिरकी_टोपी

"निळ्या शर्टवाल्या दादा"? वडिलांना दादा ताई दिसले की काय?

मूकवाचक

टंकनदोष. दादाच होते.

खुर्चीवाला

@मूकवाचक, माझं यावर दुमत आहे. ज्यांना खरंच उभं राहवत नाही त्यांना पुढे काढायलाच हवं. सगळ्यांना मान जपायची हौस नसते. माझ्या आईला कुणी पुढे घेतलं तर ती आशीर्वाद देते.

मूकवाचक

असेलही. मग दोन्ही विचारावं, हळू आवाजात. ठरवू त्यांना द्यावं.

चुकलेला_रस्ता

माझं म्हणणं, लोकांना किती वेळ लागणार ते सांगावं. मी विचारलं की नेहमी "झालंच, पाच मिनिटं". ती पाच मिनिटं कधी संपत नाहीत. (जन्मतारखेचं अजून अडलेलंच आहे.)

गणिताचा_तास

@चुकलेला_रस्ता, अगदी बरोबर. आणि हे मोजायला घड्याळ पुरतं. पाच मिनिटांत टेबलावरून किती सुटले ते मोजा. समजा ३० सुटले, म्हणजे मिनिटाला सहा. रांगेत एखादी खूण धरा, खांब म्हणा. खांबापर्यंत ४८ जण मावत असतील तर तिथल्या माणसाला आठ मिनिटं. त्याला "दहा" सांगा. आठात सुटला तर खूश होतो. "पाच" सांगून आठ लागले तर तोच माणूस टेबलाशी येऊन भांडतो, आणि भांडणात आणखी एक मिनिट जातं.

पायरीवरची

सगळ्यांचे आभार. समितीला नंदाआत्यांच्या चिठ्ठ्या आणि कोरे बिल्ले सांगून बघते. मेळावा झाला की कळवते.

तिरकी_टोपी

"ओळखलंत का" रांगेचं विसरू नका.

पायरीवरची

पाच आठवड्यांनी धागा वर काढतेय. मेळावा झाला.

समितीने एकच रांग मान्य केली. कोरे बिल्ले नाखुशीने आणि मोजून २० दिले. मी रांगेत फिरले, तोंडाकडून मागे. "नोंदणी कुणाच्या नावावर?" या प्रश्नाने कमाल केली. एक काकू म्हणाल्या, "बघा ना, मलाही हेच विचारायचं होतं." एका गृहस्थांना मात्र राग आला. "माझ्याच नावावर असणार, दुसऱ्या कुणाच्या?" नाव निघालं सुनेच्या नावावर. मी काही बोलले नाही, चिठ्ठी न भरता यादीतच दाखवलं.

चुकलं ते असं. नऊ वाजून वीसला मी एका ओळखीच्या बाईंशी बोलत उभी राहिले. रांगेतच, त्यामुळे वाटलं चालतंय. पण तेवढ्या वेळात पाठीमागे बाराजण न विचारता टेबलाशी पोचले आणि त्यातले तिघे अडले. टेबल दोन तुंबलं. म्हणजे रांगेतलं बोलणंही अगदी फुकट नसतं, नंदाआत्या. रांग जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, मग पुन्हा वर आली. पावणेदहाला बाहेर सातजण होते.

कोरे बिल्ले ९:३५ला संपले. मग मागच्या बाजूला नावं लिहून छापील बिल्लेच उलटे लावले. डब्यात २२ चिठ्ठ्या होत्या. सुट्टीत १७ निस्तरल्या, तिघांची नोंदणी खरंच नव्हती, आणि दोघे नंतर आलेच नाहीत. ते कोण होते यावरून समितीत अजून वाद चालू आहे.

उंबरठा

त्या दोघांमुळे पुढच्या वर्षी कोरे बिल्ले बंद होणार, लिहून ठेवा.

नंदाआत्या

ओळखीच्या बाईंचं बरोबर सापडलं तुम्हाला. मी अशा वेळी चालत चालत बोलते. त्यांनाच म्हणते, "चला, माझ्याबरोबर मागपर्यंत या." जागा जाईल म्हणून त्या येत नाहीत आणि बोलणं आपोआप थांबतं.

खुर्चीवाला

खुर्च्या ठेवल्या होत्या का?

पायरीवरची

सहा. चारांवर पिशव्या ठेवल्या लोकांनी.

चुकलेला_रस्ता

माझा फॉर्म शेवटी भरला. जन्मतारखेत आधी वर्ष निवडायचं होतं. पण नाव बायकोच्या फोनवरून गेलंय, तर दारात काय सांगू?

तिरकी_टोपी

ओळखलंत का, असं विचारा.